टायट्रेशनची गणिते: ब्युरेटच्या वाचनापासून ग्रॅमपर्यंत

टायट्रेशनच्या गणितात मोजलेली गोष्ट एकच असते, ब्युरेटमधून उतरलेल्या द्रावणाचे आकारमान. विचारलेली गोष्ट मात्र वेगळीच असते: नमुन्यात शुद्ध पदार्थ किती टक्के, स्फटिकात पाण्याचे रेणू किती, किंवा बाटलीतल्या आम्लाची तीव्रता किती. या दोन टोकांना जोडणारा पूल म्हणजे मोल. आकारमानावरून मोल काढायचे, समीकरणातल्या गुणोत्तराने एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याच्या मोलवर जायचे, नमुन्याचा जेवढा भाग तपासला त्यावरून संपूर्ण नमुन्याकडे यायचे आणि शेवटी मोलचे ग्रॅम करायचे. बारावीच्या बोर्डाच्या, नीटच्या किंवा जेईईच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले या विषयावरचे बहुतेक प्रश्न याच वाटेने सुटतात. चुका होतात त्या यातला एखादा टप्पा मनातल्या मनात उरकला जातो म्हणून.

मोल हे संख्येचे एकक आहे. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या थेट संख्येनेच केली जाते: एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०²³ कण. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंच्या संख्येवरून केली जात असे आणि बरीच जुनी पुस्तके तीच देतात. गणिताच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो "कण" या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने. कण कोणता, अणू, रेणू की आयन, हे ठरल्याशिवाय मोलला अर्थ नाही. ८ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे O₂ रेणूंचे ०.२५ मोल, पण ऑक्सिजनच्या अणूंचे ०.५ मोल. प्रश्नात "अणू किती" असे विचारले असताना रेणूंची संख्या लिहून मोकळे होणे ही मोलच्या प्रकरणातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

हीच चूक स्फटिकजल असलेल्या पदार्थात जास्त लपून बसते. २४.९५ ग्रॅम मोरचुदात ऑक्सिजनचे अणू किती, असा प्रश्न घेऊ. मोरचूद म्हणजे CuSO₄·5H₂O. तांबे ६३.५, गंधक ३२, सल्फेटमधले चार ऑक्सिजन ६४ आणि पाच रेणू पाण्याचे ९० धरले, की मोलर वस्तुमान २४९.५ येते. म्हणजे दिलेला पदार्थ बरोबर ०.१ मोल आहे. एका सूत्रात ऑक्सिजन नऊ आहेत: सल्फेटचे चार आणि पाण्याचे पाच. म्हणून उत्तर ०.९ मोल अणू, अर्थात सुमारे ५.४२ × १०²³. मोलर वस्तुमान काढताना पाणी धरायचे आणि ऑक्सिजन मोजताना विसरायचे, असे झाले की उत्तर ०.४ मोल येते. ते दिसायला अगदी बरोबर वाटते, म्हणूनच बहुपर्यायी प्रश्नात तो पर्याय हमखास दिलेला असतो.

द्रावणाकडे वळले की मोलॅरिटी येते: एक लिटर द्रावणात किती मोल. प्रयोगशाळेत मात्र कोणी लिटरने काम करत नाही; पिपेट १० किंवा २५ मिलीची, ब्युरेट ५० मिलीची. त्यामुळे प्रत्येक पायरीला हजाराने भागावे लागते आणि कुठेतरी शून्य गळते. यावर सरळ उपाय म्हणजे मिलिमोलमध्ये काम करणे. मोलॅरिटीला मिलीने गुणले की थेट मिलिमोल मिळतात. मिलिमोलला मोलर वस्तुमानाने गुणले की मिलिग्रॅम मिळतात. हजारने भागण्याची वेळ एकदाच येते, शेवटी मिलिग्रॅमचे ग्रॅम करताना. उत्तरपत्रिकेत ही पद्धत पूर्णपणे ग्राह्य आहे. एकक प्रत्येक ओळीत लिहिले म्हणजे झाले.

आता जुन्या प्रश्नपत्रिकांत वारंवार दिसणाऱ्या साच्याचे एक गणित पूर्ण सोडवू. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांचे सूत्र H₂C₂O₄·xH₂O आहे. १.८९ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावण २५० मिली केले. त्यातले २५ मिली द्रावण पिपेटने घेऊन ०.१२५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केले, तेव्हा २४.० मिली लागले. x ची किंमत काढा.

पहिली पायरी आकडेमोडीची नाही, समीकरणाची आहे:

H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

ऑक्झॅलिक आम्ल द्विआम्लारी आहे, म्हणजे त्याच्या एका रेणूला हायड्रॉक्साइडचे दोन आयन लागतात. हे गुणोत्तर कागदावर उतरवूनच पुढे जायचे.

ज्याची तीव्रता आणि आकारमान दोन्ही माहीत आहेत, तिथून आकडेमोड सुरू होते. इथे तो पदार्थ सोडियम हायड्रॉक्साइड आहे. ०.१२५ × २४.० = ३.०० मिलिमोल.

गुणोत्तरानुसार आम्ल त्याच्या निम्मे, म्हणजे १.५० मिलिमोल. हे आम्ल पिपेटने घेतलेल्या २५ मिलीमधले आहे. मूळ द्रावण २५० मिली, म्हणजे दहापट. म्हणून १.८९ ग्रॅम स्फटिकांत आम्ल १५.० मिलिमोल.

आता १८९० मिलिग्रॅमला १५.० मिलिमोलने भागले की मोलर वस्तुमान १२६ येते. निर्जल H₂C₂O₄ चे ९० आहे. उरलेले ३६ पाण्याचे. ३६ भागिले १८ म्हणजे २. म्हणून x = २, आणि सूत्र H₂C₂O₄·2H₂O.

या गणितात चार ठिकाणी पाय घसरू शकतो आणि प्रत्येक घसरण उत्तरावर आपली खूण सोडते. त्या खुणा ओळखता येणे हे नुसते सूत्र पाठ असण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

समजा गुणोत्तर विसरले आणि आम्लही ३.०० मिलिमोलच धरले. मग पूर्ण नमुन्यात ३०, मोलर वस्तुमान ६३ आणि x उणे दीड. पाण्याचे रेणू उणे असूच शकत नाहीत. गुणोत्तर उलटे लावले, म्हणजे निम्मे करण्याऐवजी दुप्पट केले, तर मोलर वस्तुमान ३१.५ येते, तेही निर्जल आम्लाच्या ९० पेक्षा कमी, म्हणून अशक्य. दहापट करायचे राहिले, तर मोलर वस्तुमान १२६० आणि x ६५ येतो. कोणत्याही नेहमीच्या स्फटिकात इतके पाणी नसते. मिलीचे लिटर करायचे राहिले आणि ग्रॅम मात्र ग्रॅमच ठेवले, तर मोलर वस्तुमान ०.१२६ येते, जे हायड्रोजनच्या एका अणूपेक्षाही हलके आहे. म्हणजे या गणितात नेहमीची प्रत्येक चूक स्वतःच ओरडून सांगते, आणि ऐकणाऱ्याने उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे धावण्याआधी क्षणभर थांबायचे असते.

सगळी गणिते इतकी प्रामाणिक नसतात. याच आम्लाचे ०.१ मोलर द्रावण २५० मिली तयार करायला किती ग्रॅम लागेल, असा साधा प्रश्न पाहा. २५ मिलिमोल हवेत. बाटलीतले स्फटिक पाण्यासह असतात, म्हणून २५ × १२६ = ३१५० मिलिग्रॅम, म्हणजे ३.१५ ग्रॅम. एखाद्याने ९० धरून २.२५ ग्रॅम लिहिले, तर त्या उत्तरात विचित्र असे काहीच दिसत नाही. तेवढे स्फटिक तोलून द्रावण केले तर ते ०.१ ऐवजी सुमारे ०.०७१४ मोलर होईल. अशा ठिकाणी उत्तराचा चेहरा पाहून काही कळत नाही. प्रश्नात "स्फटिक" किंवा "निर्जल" यांपैकी कोणता शब्द आहे, हेच पाहावे लागते.

प्रश्नात ब्युरेटचे एकच वाचन न देता तक्ता दिलेला असतो, तेव्हा आणखी एक निवड करावी लागते. महाराष्ट्रातल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत आधी पायलट रीडिंग असते, मग तीन वाचने आणि शेवटी स्थिर ब्युरेट वाचन. पायलट रीडिंग फक्त अंदाज देते: रंग साधारण कुठे बदलतो ते कळावे म्हणून द्रावण भराभर सोडलेले असते. ते सरासरीत घ्यायचे नसते. वाचने २४.६, २४.०, २४.१ आणि २४.० अशी असतील, तर २४.६ बाजूला ठेवायचे आणि दोनदा आलेले २४.० हे स्थिर वाचन धरायचे. चारही आकड्यांची सरासरी २४.२ च्या आसपास जाते आणि त्यावरून काढलेले मोलर वस्तुमान १२५ च्या आसपास घसरते. x तरीही २ च्या जवळच राहतो, कारण पाण्याच्या रेणूंची संख्या पूर्णांक असते. पण टक्केवारीच्या प्रश्नात ही सवलत मिळत नाही.

प्रयोगातल्या काही बाबी गणितात अप्रत्यक्षपणे विचारल्या जातात. शंकुपात्रात २५ मिली आम्लावर थोडे ऊर्ध्वपातित पाणी ओतले, तर आकारमान वाढते, तीव्रता घटते, पण आम्लाचे मोल तेवढेच राहतात. म्हणून गणितात २५ मिलीच घ्यायचे. वरून ओतलेले पाणी त्यात मिळवायचे नाही. याच कारणाने शंकुपात्र फक्त पाण्याने धुतात. ते आम्लाने खंगाळले तर पिपेटच्या २५ मिलीशिवाय थोडे जास्तीचे आम्ल आत राहते आणि वाचन वाढते. ब्युरेट मात्र ज्या द्रावणाने भरायची त्यानेच खंगाळावी लागते. आतल्या पाण्याने द्रावण पातळ झाले, तर तेही वाचन वाढवते. "अमुक चूक झाली तर उत्तरावर काय परिणाम होईल" अशा प्रश्नाचे उत्तर पाठ करण्याची गरज नसते. त्या चुकीने मोल वाढले की घटले, एवढे ठरवले की दिशा आपोआप निघते.

जुन्या प्रश्नपत्रिकांची खरी अडचण वेगळीच आहे. त्यांतल्या कित्येक प्रश्नांत मोलॅरिटी नसून नॉर्मॅलिटी असते: N/10 आम्ल, N/20 पोटॅशियम परमँगनेट. नॉर्मॅलिटी म्हणजे एक लिटरमध्ये किती ग्रॅम-सममूल्ये. सममूल्याची कल्पनाच अशी बेतलेली आहे, की अभिक्रियेत एका पदार्थाचे एक सममूल्य दुसऱ्याच्या एका सममूल्याशी जुळते. म्हणून N₁V₁ = N₂V₂ हे सूत्र टायट्रेशनला नेहमी लागू पडते, गुणोत्तर काहीही असो. त्यातले गुणोत्तर आधीच सममूल्यात विरघळलेले असते. याच सूत्राचा जुळा दिसणारा M₁V₁ = M₂V₂ हा नियम मात्र मुळात द्रावण पातळ करण्याचा आहे, जिथे एकाच पदार्थाचे मोल आधी आणि नंतर तेवढेच राहतात. टायट्रेशनला तो फक्त एकास एक गुणोत्तर असेल तेव्हाच चालतो. दोन सूत्रांचे रूप सारखे असल्याने एकाची मोकळीक दुसऱ्याला दिली जाते, आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या गणितात उणे दीड पाणी येते ते इथूनच.

परमँगनेटच्या गणितात ही गोष्ट आणखी महाग पडते. जुन्या साच्याचे उदाहरण असे: मोहर्स सॉल्टचा ४.९० ग्रॅम अशुद्ध नमुना सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवून द्रावण २५० मिली केले. त्यातल्या २५ मिलीला N/20 पोटॅशियम परमँगनेटचे २४.० मिली लागले. नमुन्याची शुद्धता काढा.

आम्लाच्या माध्यमात मँगनीजचे ऑक्सिडेशन +७ वरून +२ वर येते, म्हणजे परमँगनेटचा प्रत्येक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो. लोहाचा प्रत्येक आयन +२ वरून +३ वर जाताना एकच इलेक्ट्रॉन देतो.

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

म्हणून इथे परमँगनेटचे N/20 म्हणजे ०.०५ नॉर्मल, आणि पाचाने भागल्यावर ०.०१ मोलर. २४.० मिलीमध्ये ०.२४ मिलिमोल परमँगनेट, त्याच्या पाचपट, म्हणजे १.२ मिलिमोल लोह. पूर्ण २५० मिलीमध्ये १२ मिलिमोल. मोहर्स सॉल्ट म्हणजे FeSO₄·(NH₄)₂SO₄·6H₂O; त्याचे मोलर वस्तुमान ३९२ आणि एका सूत्रात लोहाचा एकच अणू. १२ × ३९२ = ४७०४ मिलिग्रॅम, म्हणजे ४.७०४ ग्रॅम. ४.९० ग्रॅमपैकी हे ९६ टक्के होते.

सममूल्याच्या वाटेने गेले तरी हेच येते, आणि पायऱ्या कमी लागतात: ०.०५ × २४.० = १.२ मिलिसममूल्ये, लोहाला एकच इलेक्ट्रॉन असल्याने तेवढेच मिलिमोल. दोन्ही वाटा बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एका वाटेवरून अर्ध्यातून दुसरीवर उडी मारली की. ०.०५ ही नॉर्मॅलिटी आहे हे विसरून ती मोलॅरिटी धरली आणि वर पाचाने गुणलेही, तर ४.९० ग्रॅम नमुन्यात २३.५२ ग्रॅम मोहर्स सॉल्ट निघते, म्हणजे ४८० टक्के शुद्धता. ही चूक लगेच सापडते. उलट ०.०१ मोलर बरोबर काढले, पण पाचाने गुणायचे राहिले, तर शुद्धता १९.२ टक्के येते. अशुद्ध नमुना म्हटलाच आहे, तर तो इतका अशुद्ध असेलही, असे वाटून उत्तर तसेच राहते. त्यामुळे जुना प्रश्न हाती घेतल्यावर पहिल्याच ओळीत सगळ्या नॉर्मॅलिटीचे मोलॅरिटीत रूपांतर करून टाकावे आणि मग समीकरणाच्या गुणोत्तराने चालावे, ही शिस्त जास्त भरवशाची. सममूल्याची वाट छोटी आहे, पण ती अभिक्रियेचे माध्यम पाहिल्याशिवाय चालता येत नाही: उदासीन माध्यमात परमँगनेट पाच नव्हे तर तीनच इलेक्ट्रॉन घेते, आणि मग तेच ०.०१ मोलर द्रावण ०.०३ नॉर्मल ठरते.

सल्फ्युरिकच आम्ल का, हा प्रश्नही या गणिताला जोडून येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडेशन करते. त्यात ते जास्तीचे खर्च होते आणि शुद्धता प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने थोडे लोह तेच संपवते, परमँगनेट कमी लागते आणि शुद्धता कमी दिसते. आम्लच कमी पडले, तर पात्रात मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ दिसू लागतो. तसे झाले की पाच इलेक्ट्रॉनांचे गृहीतक मोडते आणि ते वाचन गणितात वापरण्यासारखे राहत नाही. परमँगनेटचा रंग गडद असल्याने ब्युरेटमध्ये त्याची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात. सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन एकाच कडेने घेतले तर फरकात चूक राहत नाही.

ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेट यांच्या जोडीत गुणोत्तर दोनास पाच असते, कारण ऑक्झॅलेटचा प्रत्येक आयन दोन इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे हेच आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडशी एकास दोन आणि परमँगनेटशी पाचास दोन असे जुळते. गुणोत्तर पदार्थाच्या सूत्राला चिकटलेले नसते, अभिक्रियेला चिकटलेले असते. दर्शक बदलल्यानेही ते बदलू शकते. सोडियम कार्बोनेटवर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडताना फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग कार्बोनेटचे बायकार्बोनेट झाले की जातो, तेव्हा गुणोत्तर एकास एक असते. मिथिल ऑरेंज वापरले तर रंग बायकार्बोनेटही संपल्यावर बदलतो आणि गुणोत्तर एकास दोन होते. प्रश्नात दर्शकाचे नाव दिलेले असेल, तर ते सजावटीसाठी नसते.

जुन्या प्रश्नपत्रिकांचा आणखी एक सापळा वायूच्या आकारमानाचा आहे. मोहर्स सॉल्टमध्ये तो येत नाही, पण कार्बोनेटवर आम्ल ओतून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तर येतो. प्रमाण तापमान आणि दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर, हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबासाठी आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक बार केला. त्या दाबाला एक मोल वायू २२.७ लिटर भरतो. जुन्या प्रश्नांची पर्यायी उत्तरे पहिल्या आकड्यावर बेतलेली असतात, नव्या प्रश्नांत दुसराही आढळतो. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. प्रश्नात दाब दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. दिला नसेल तर पर्याय कोणत्या आकड्याशी नीट जुळतात ते पाहावे. अणुभारांचेही तसेच: प्रश्नाच्या शेवटी क्लोरीन ३५.५ दिले असेल तर ३५.४५ वापरण्यात काहीच कमाई नाही.

शेवटचा आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे बॅक टायट्रेशन. खडू, शिंपले, आम्लपित्ताची गोळी असे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून त्यांचे थेट टायट्रेशन नीट होत नाही. त्यांच्यावर आम्ल मुद्दाम जास्त घालतात, अभिक्रिया पूर्ण होऊ देतात आणि उरलेले आम्ल मोजतात. समजा १.०० ग्रॅम शिंपल्याच्या पुडीवर ०.५०० मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५०.० मिली घातले. उरलेल्या आम्लाला ०.२५० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ३०.० मिली लागले. पुडीत कॅल्शियम कार्बोनेट किती टक्के?

एकूण आम्ल ०.५०० × ५०.० = २५.० मिलिमोल. उरलेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडशी एकास एक जुळते, म्हणून ०.२५० × ३०.० = ७.५० मिलिमोल. शिंपल्याने खाल्लेले आम्ल या दोहोंचा फरक, १७.५ मिलिमोल. CaCO₃ ला HCl चे दोन मोल लागतात, म्हणून कार्बोनेट ८.७५ मिलिमोल, आणि १०० ने गुणल्यावर ८७५ मिलिग्रॅम. उत्तर ८७.५ टक्के.

इथली नेहमीची चूक म्हणजे आकारमानांची वजाबाकी. ५० मधून ३० वजा केले, उरलेले २० मिली आम्ल शिंपल्याला लागले असे मानले, की कार्बोनेट ५० टक्के येते. दोन द्रावणांची तीव्रता वेगळी आहे, त्यामुळे त्यांचे मिली एकमेकांतून वजा करता येत नाहीत. मिलिमोल करता येतात. दुसरी चूक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या मोलवरूनच थेट कार्बोनेट काढणे, त्यातून ३७.५ टक्के येते. ही दोन्ही उत्तरे शंभराच्या आतली असल्याने कोणताही संशय येत नाही. फक्त शेवटी दोनाने भागायचे राहिले, तरच १७५ टक्के येऊन चूक उघडी पडते.

म्हणून या प्रकारात उलटी पडताळणी करायला हवी. उत्तर ८७.५ टक्के मानून पुन्हा सुरुवातीकडे जायचे: ८.७५ मिलिमोल कार्बोनेटला १७.५ मिलिमोल आम्ल लागेल, २५.० पैकी ७.५० उरेल, आणि तेवढ्याला ०.२५० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ३०.० मिली लागतील. दिलेला आकडा जुळला. पन्नास टक्क्यांच्या उत्तराची अशी परीक्षा घेतली, तर ५ मिलिमोल कार्बोनेटला १० मिलिमोल आम्ल लागून १५ उरते, आणि त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइडचे ६० मिली लागतील असे निघते. ३० चा आकडा कुठेच जुळत नाही. मात्र ही पडताळणी समीकरण समोर ठेवूनच करायची. मूळ गणितातले चुकीचे गुणोत्तर परतीच्या वाटेवरही वापरले, तर चूक स्वतःलाच खरे ठरवते.

प्रयोगशाळेत याच गणितात एक छुपा वाटेकरी असतो: अभिक्रियेतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. तो द्रावणात विरघळून राहिला तर फिनॉल्फ्थॅलीनचा रंग येण्यापूर्वी थोडे सोडियम हायड्रॉक्साइड त्याच्यावरही खर्च होते. मग उरलेले आम्ल जास्त वाटते आणि कार्बोनेट कमी निघते. टायट्रेशनपूर्वी द्रावण काही मिनिटे उकळून थंड केल्याचे प्रश्नात लिहिलेले असते ते यासाठी. मिथिल ऑरेंजचा रंग जास्त आम्ल माध्यमात बदलतो, त्यामुळे त्याच्यावर या वायूचा परिणाम फारसा जाणवत नाही.